काम्पान्या म्हणजे हंगाम

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, जयवंता नेहमीसारखी भाजीची पाटी घेऊन चारुशीलाबाईंच्या फाटकाशी आली. पण त्या दिवशी तिच्यामागे तिचा नवराही होता. जयवंता तामसीची. पहिल्या बसनं आदिलाबादला यायचं, जनावरांच्या दवाखान्यामागच्या कॉलनीत घरोघर भाजी द्यायची आणि दुपारच्या बसनं परत जायचं, हा तिचा कित्येक वर्षांचा परिपाठ. नवऱ्याला मात्र बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. चंपत नाव, पस्तिशीचा, उंच, थोडा वाकून उभा राहणारा. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी न घालता ठेवलेला एक कागद होता.

जयवंतानं पाटी उतरवली आणि भाजीचं नावही न काढता विचारलं, “बाई, तुमी गोव्याच्या ना?”

गोव्याच्या होत्या. त्याला आता जवळजवळ पन्नास वर्षं होत आली होती. पणजीला राहणाऱ्या, लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज सरकारच्या मोठ्या शाळेत शिकणाऱ्या. सहाव्या वर्गात होत्या तेव्हा डिसेंबरात भारताचं सैन्य आलं, पोर्तुगीज गेले, आणि ज्या भाषेत त्यांनी व्याकरणाची बक्षिसं मिळवली होती ती भाषा एका आठवड्यात निकामी झाली. पुढे भावाच्या कॉलेजातला मित्र, जनावरांचे डॉक्टर व्यंकटराव, यांच्याशी लग्न झालं आणि त्या आदिलाबादला आल्या. इथं त्यांनी मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं, बाजारात तेलुगू शिकल्या, कचेरीतले उर्दू शब्द शिकल्या. पोर्तुगीज बोलायला माणूसच नव्हतं. शाळेतल्या मुली त्यांना ‘गोव्याच्या बाई’ म्हणत, तेवढाच काय तो त्या मुलखाचा संबंध उरला होता.

चंपतनं कागद पुढे केला. तो एका फोटोची छापलेली प्रत होती. कुणीतरी मोबाइलनं वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचा फोटो काढला होता. पेपर दुमडलेला, एक कड अंधारात गेलेली, मधून घडीची काळी रेघ. चारुशीलाबाईंनी चष्मा वर सरकवला आणि पहिला शब्द वाचला. तो वाचता आला, आणि त्याचा अर्थही लागला, याचंच त्यांना इतकं नवल वाटलं की त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला.

हकिकत जयवंतानं सांगितली, मधे मधे चंपतनं भर घातली. चंपत आदिलाबादच्या एका जिनिंग मिलमध्ये फिटर. कापूस आला की सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांवर त्याचं काम. हंगाम संपला की यंत्रं उघडायची, रोलर बदलायचे, सुऱ्यांना धार लावायची, आणि मग बाकीचे महिने मिळेल ते. त्याचा गाववाला नागनाथ आफ्रिकेत मोझांबिकला नांपुला नावाच्या गावात एका गुजराती व्यापाऱ्याचं गोदाम सांभाळत होता. दुकानात पुड्या बांधायला आलेल्या पेपरात त्याला कापसाच्या बोंडाचं चित्र दिसलं. शब्द कळले नाहीत, पण खाली ईमेलचा पत्ता होता. त्यानं फोटो काढून आदिलाबादच्या भगवंतच्या नेट-सेंटरवर पाठवला आणि चंपतला फोन करून सांगितलं, की हे कापसाचं काहीतरी आहे, तिकडेच कुणाकडून वाचून घे.

बसस्टँडसमोरच्या भगवंतच्या सेंटरमध्ये झेरॉक्स, टाइपिंग, तिकिटं, अर्ज सगळं होई. त्यानं जमेल तेवढे शब्द कम्प्युटरमध्ये घालून त्यांचा इंग्रजी तर्जुमा काढला होता. त्यात म्हटलं होतं, की फळातल्या बिया काढणाऱ्या कारखान्याला माणूस पाहिजे, त्यानं अमुक मोहिमा केलेल्या असाव्यात, त्याला पोर्तुगीज येत असावी, आणि अर्ज दहा दिवसांत यावा. मोहिमांचा आकडा घडीत गेला होता. भगवंत प्रामाणिक माणूस. त्यानं चंपतला सांगितलं, की ही मोहीम लष्करातली दिसते, भाषा तुला येत नाही, आणि फोटो येऊनच नऊ दिवस झाले, तेव्हा मुदतही गेल्यात जमा आहे. पैसे मात्र त्यानं घेतले नाहीत. जाता जाता एवढंच म्हणाला, की ही भाषा पूर्वी गोव्यात चालायची. तेवढ्या एका वाक्यावर जयवंता नवऱ्याला घेऊन इथं आली होती.

बाईंनी दोघांना व्हरांड्यात बसवलं. व्यंकटराव आतून पेपर घेऊन बाहेर आले. परदेशाच्या नोकरीचं नाव काढताच ते सावध झाले. निर्मळकडची किती माणसं एजंटांच्या नादी लागून आखातात अडकली हे त्यांना माहीत होतं. त्यांनी चंपतला दोन-चार प्रश्न विचारले: मधे कुणी आहे का, कुणी पासपोर्ट मागितला का. कुणीच नव्हतं. मग ते बायकोला हलक्या आवाजात म्हणाले, “जपून सांग. तू जे सांगशील त्याच्यावर हा माणूस पाऊल टाकणार आहे.”

चारुशीलाबाईंना ते बोलणं लागलं नाही, उलट पटलं. आपली भाषा गंजलेली आहे हे त्या जाणून होत्या. त्यांनी कोरा कागद घेतला आणि चंपतला सांगितलं, की मला जे नक्की कळेल तेच मी लिहीन. जिथं शंका असेल तिथं शंका असंच लिहीन.

मथळ्यातच पहिला अडथळा होता. ‘देशकारोसामेंतु’. कारोसु म्हणजे आंब्याची कोय, हे त्यांना लहानपणापासून माहीत. अंगणात कोयी फेकल्या म्हणून शाळेत शिक्षा झाली होती. तेव्हा हा शब्द म्हणजे कोय काढणं. कम्प्युटरनं फळाच्या बिया म्हटलं ते उगीच नव्हतं. पण पुढचा शब्द ‘आल्गोदांव’ होता, कापूस. त्या थबकल्या.

“कापसाची कोय काढणं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “कापसाला कोय कुठली?”

चंपत इतका वेळ जमिनीकडे बघत बसला होता. त्यानं मान वर केली. “सरकी, बाई. कापसातून सरकी काढाचं. आमी तेच तं करून राह्यलो.”

बाई हसल्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या शाळेत हा शब्द त्यांना कुणी शिकवला नव्हता, आणि ज्याला त्याचा अर्थ माहीत होता त्याला तो वाचता येत नव्हता. त्यानंतर दोघांचं काम नीट लागलं. चंपत पायरीवरून उठून खुर्चीवर आला. बाई वाक्य फोडून सांगत, आणि तो त्यातलं यंत्र ओळखी. ‘रोलु’ म्हटल्यावर त्यानं विचारलं, रोलरच ना. म्हणजे करवतीची यंत्रं नव्हेत, आमच्यासारखी चामड्याच्या रोलरची. तेही बरोबर निघालं.

शिक्षणाच्या ओळीशी मात्र चंपत पुन्हा आखडला. तिथं दहावी लिहिलं होतं, आणि तो दहावीत गणितात नापास झालेला. आठवीच्या दाखल्यावर त्यानं आयटीआयमधून वेल्डिंगचा कोर्स केला होता. बाईंनी त्याला ओळ पूर्ण ऐकायला सांगितली. दहावी उत्तीर्ण, मग ‘ओव’, म्हणजे किंवा. किंवा त्याच्या तोडीचं धंदेशिक्षण, यंत्रकामातलं, विजेचं, नाहीतर ‘सोल्दादूरा’तलं. सोल्दादु म्हणजे शिपाई, हे त्यांना ठाऊक. मग हे शिपाईगिरीचं शिक्षण? क्षणभर त्यांना भगवंतचं लष्कर खरं वाटायला लागलं. पण यंत्र आणि वीज यांच्या रांगेत शिपाई का उभा असेल? त्या डोळे मिटून बसल्या. म्हापशाच्या बाजारातला कल्हईवाला आठवला. वडलांची गळकी तांब्याची घागर घेऊन त्या त्याच्याकडे गेल्या होत्या, आणि वडलांनी पढवलेला शब्द त्यांनी त्याला सांगितला होता: सोल्दार. सांधून दे.

“धातू तापवून सांधतात त्याला तुमच्यात काय म्हणतात?”

“वेल्डिंग,” चंपत म्हणाला, आणि जयवंताकडे वळून पुन्हा तेच म्हणाला.

पण ज्या शब्दावर सगळं अडलं होतं तो अजून पुढे होता. अनुभवाच्या ओळीत वर्षं नव्हतीच. तिथं लिहिलं होतं, इतक्या ‘काम्पान्या’ केल्याचा सिद्ध होणारा अनुभव, त्यांतल्या निदान दोन पाळीप्रमुख म्हणून. काम्पान्या म्हणजे मोहीम, हा अर्थ बाईंनाही तोच येत होता. इतिहासाच्या पुस्तकात राजांच्या काम्पान्या असत. चंपतचं म्हणणं, की ती वर्षं असली तर आपलं काही खरं नाही. तो सहा हंगाम मिलमध्ये होता, पण मिलचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. महिने जोडले तर तीन वर्षंही नीट भरत नव्हती. बाईंनी त्याला थांबवलं आणि जाहिरात पुन्हा वरपासून वाचायला घेतली. परीक्षेत त्या असंच करत: एखादा शब्द अडला, की तोच शब्द त्याच उताऱ्यात आणखी कुठे आलाय का ते शोधायचं. तो आला होता. अगदी शेवटी, बारीक अक्षरात: ‘२०१२ची काम्पान्या, मे ते ऑक्टोबर’.

त्यांनी चंपतला विचारलं, की तिकडे कापूस कधी निघतो ते नागनाथ सांगतो का. तो म्हणाला, आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा, आणि मग पुढे चार-सहा महिने मिली चालतात.

“मग ही लढाई नाही, चंपत,” चारुशीलाबाई म्हणाल्या. “मे ते ऑक्टोबर चालते ती काम्पान्या. म्हणजे हंगाम. ते वर्षं मागतच नाहीत, हंगाम मागतात.”

जयवंतानं पदरानं तोंड पुसलं. चंपत खुर्चीत सरळ बसला.

पण किती हंगाम? तो आकडा शब्दात होता आणि घडीची काळी रेघ नेमकी त्याच्यावरून गेलेली. फक्त शेवटचा ‘ओ’ दिसत होता. पोर्तुगीजमध्ये चार, पाच आणि आठ या तिन्ही शब्दांच्या शेवटी लिहिताना ‘ओ’ येतो, बोलताना त्याचा ‘उ’ होतो. चार असेल तरी चंपत बसतो, पाच असेल तरी बसतो, आठ असेल तर नाही. चंपत म्हणाला, की बाई, पाचच लिवा, आठ कोण मागते. बाईंनी लिहिलं नाही. त्यांनी त्याला सांगितलं, की तुला आठ लागत असतील आणि मी पाच लिहिले, तर तू सगळे कागद गोळा करशील, आशा लावून बसशील, आणि तिकडचा माणूस एका नजरेत कागद बाजूला ठेवील. नागनाथला सांग, घडी उलगडून पुन्हा फोटो काढायला. आणि पेपरच्या डोक्यावरची तारीख त्यात आलीच पाहिजे.

तारखेचं कारण वेगळं होतं. मुदतीच्या ओळीत ‘दहा दिवस’ होते हे खरं, पण दिवसांच्या मागे आणखी एक शब्द होता, ‘ऊतैश’, जो भगवंतच्या तर्जुम्यात कुठेतरी गळाला होता. ऊतैश म्हणजे कामाचे. कचेऱ्या उघड्या असतात ते. शनिवार-रविवार धरायचे नाहीत, सरकारी सुट्टी धरायची नाही. आणि हे दहा दिवस मोजायचे ते फोटो आल्यापासून नव्हे, जाहिरात छापून आली त्या तारखेपासून. तो पेपर पुड्या बांधायला आलेला, म्हणजे किती जुना असेल कोण जाणे.

“मंजे गेली नाई मुदत?” जयवंतानं विचारलं.

“ते तारीख कळल्यावर. गेली असेल तर तेही सांगेन.”

ती संध्याकाळ बाईंची फार अस्वस्थ गेली. व्यंकटराव जेवताना म्हणाले, की पेपर रद्दीत गेला असेल तर? बाईंनाही तीच भीती होती.

मंगळवारी राज्यात समे, म्हणजे संप, सुरू झाला, वेगळ्या तेलंगणाच्या मागणीचा. सरकारी कचेऱ्यांना कुलपं लागली. त्या दिवशी चंपत एकटाच आला, धापा टाकत, नवा कागद घेऊन. नागनाथनं गोदामातली रद्दी उपसून तोच अंक शोधला होता, पान जमिनीवर पसरून चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली होती, आणि फोटो उभं राहून सरळ काढला होता. बाईंनी आधी घडीची जागा पाहिली. ‘सिंकु’. पाच. मग पेपरची तारीख. एक सप्टेंबर, गुरुवार.

त्यांनी कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं आणि पेन्सिलीनं शनिवार-रविवार खोडले. सगळ्यात कडक हिशेब धरला, छापल्याचा दिवसही मोजला, तरी दहावा दिवस बुधवारी येत होता. म्हणजे उद्या. नागनाथनं फोनवर सांगितलं होतं, की मधल्या सात तारखेला तिकडे कसलीशी राष्ट्रीय सुट्टी होती, त्याचं दुकानही बंद होतं. त्या सुट्टीमुळं आणखी एक दिवस मिळाला असता, आणि छापल्याचा दिवस वगळला तर आणखी एक. पण बाई म्हणाल्या, की ते आपल्या बाजूचे दिवस आपण शिलकीत ठेवू, त्यांच्यावर भिस्त ठेवायची नाही. अर्ज उद्या जाईल.

आता कागदपत्रं. भगवंतनं आधीच सांगून ठेवलं होतं, की परदेशचं काम म्हणजे प्रत्येक नकलेवर गॅझेटेड अधिकाऱ्याची सही आणि शिक्का लागणार. आणि समे सुरू झाल्यावर तो शिक्का कुठून आणायचा, या काळजीनं चंपतला रात्रभर झोप नव्हती. बाईंनी ती ओळ काढली. तिथं ‘साध्या झेरॉक्स’ म्हटलं होतं, शब्दशः साध्या; मूळ कागद निवड झाल्यावर दाखवायचे. अधिकाऱ्याची गरजच नव्हती. उलट जिथं चंपत निर्धास्त होता तिथं त्यांना खोट दिसली. त्याच्याकडे मिलचं एक पत्र होतं, दोन वर्षांपूर्वीचं, की हा फिटर आहे आणि वागणुकीनं चांगला आहे. जाहिरातीत मात्र अनुभव ‘कोंप्रोवादा’ पाहिजे होता, म्हणजे कागदानं सिद्ध झालेला, आणि पाळीप्रमुखाचे दोन हंगामही त्यातच.

“रात्रपाळी तू सांभाळतोस ना?”

“तीन हंगाम झाले. पण कागदावर फिटरच हाय. मुकादम तोंडानंच म्हनतेत.”

“मग ते तोंडचं कागदावर आण. जेवढं केलंस तेवढंच. एकही हंगाम जास्त नको.”

मिलचे मुनीम अमृतराव जुने गृहस्थ. चंपत दुपारी त्यांच्यापुढे उभा राहिला तेव्हा, त्यानं नंतर बाईंना सांगितल्याप्रमाणे, त्यांनी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. हंगाम तोंडावर आलेला, आणि रात्रपाळीचा माणूस जायचा कागद मागतो आहे. मग त्यांनी हजेरीचं रजिस्टर काढायला लावलं, हंगाम मोजले, आणि नवं पत्र इंग्रजीत लिहून मालकाची दस्तखत घेऊन दिलं: सहा हंगाम, त्यांतले शेवटचे तीन रात्रपाळीचा प्रमुख म्हणून, चौतीस यंत्रांवर. देताना एवढंच म्हणाले, की यंदाचा हंगाम पुरा करून जा. जाहिरात पुढच्या मेची होती, तेव्हा त्यातही अडचण नव्हती.

पोर्तुगीजच्या अटीचं एक शिल्लक होतं. भगवंतच्या तर्जुम्यात ‘भाषा येत असावी’ असं होतं. बाईंनी मूळ वाक्य चंपतला दोनदा वाचून दाखवलं, जणू त्यालाही ते कळणार होतं. वरच्या चार अटींच्या आधी ‘आवश्यक’ हा शब्द होता. भाषेची ओळ त्या चारांत नव्हती, खाली वेगळी होती, आणि तिचं क्रियापद निराळं होतं: पोर्तुगीज येत असल्यास ‘लाभ मानला जाईल’. म्हणजे येत असली तर वजन पडेल, नसली तर दार बंद नाही. कामापुरतं इंग्रजी मात्र आवश्यकमध्ये होतं. चंपत म्हणाला, यंत्राचं इंग्रजी येते, गप्पांचं नाई येत. बाईंनी अर्जात नेमकं तसंच लिहायचं ठरवलं.

अर्ज त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिला. कुणी मागितला नव्हता. इंग्रजी चाललं असतं. पण रात्री टेबलाशी बसल्यावर त्यांना वाटलं, की नांपुलाच्या कारखान्यात अर्ज वाचणाऱ्या माणसाला निदान पहिलं पान त्याच्या भाषेत वाचता यावं. पहिलं वाक्य जुळवायला फार वेळ लागला. मग शब्द येऊ लागले, आधी एकेक, मग जोडीनं, आणि क्रियापदांची रूपं तर अशी आली की जणू कालच पाठ केली होती. शेवटी सहीच्या वर त्यांचा हात आपोआप चालला आणि त्यांनी लिहिलं: ‘आ बें दा नासांव’. राष्ट्राच्या हितासाठी. लिसेंवमध्ये असताना प्रत्येक सरकारी अर्जाच्या खाली ही ओळ लिहावीच लागे. ते राष्ट्र पोर्तुगाल होतं, आणि ही ओळ लिहायला नकार दिला म्हणून त्यांच्या मामांची नोकरी गेली होती.

त्या ओळीकडे त्या बघत बसल्या. व्यंकटरावांनी विचारलं, अडलं का काही. त्या म्हणाल्या, नाही, जास्तीचं लिहिलं गेलं. मग त्यांनी ती ओळ अशी खोडली की खालचं अक्षर दिसू नये, आणि तिच्या जागी साधं लिहिलं, की आपल्या उत्तराची वाट पाहतो. ही भाषा तिकडच्या कापूसवाल्यांचीही होती, नागनाथच्या गोदामातल्या हमालांचीही होती. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी सकाळी त्या स्वतः भगवंतच्या सेंटरवर गेल्या. भगवंतची आई त्यांची विद्यार्थिनी. त्यानं उठून खुर्ची दिली. पोर्तुगीज अक्षराखालची शेपटी आणि डोक्यावरची लाट कळफलकावर कुठे सापडते हे त्याला माहीत नव्हतं, बाईंनाही नव्हतं. दोघांनी मिळून ती चिन्हं एकेक करून शोधली. एक पान टाइप व्हायला सकाळ गेली. मधे वीज गेली आणि अर्धं पान पुन्हा करावं लागलं. चंपतनं आणलेले दाखले भगवंतनं स्कॅन केले. ईमेलचा पत्ता बाईंनी अक्षर-अक्षर मोठ्यानं वाचला, चंपतनं पडद्यावर बोट ठेवून ताडून पाहिला. अर्ज गेला. भगवंत म्हणाला, बाई, माझ्यापायी तं याची आशा तुटली असती. बाईंनी त्याला सांगितलं, की तू गोव्याचं नाव काढलंस म्हणून तर तो माझ्याकडे आला.

नंतर वाट पाहणं आलं. महिनाभर काहीच नाही. समे चालूच होता, बसही बंद झाल्या. जयवंता कुणाच्या तरी टेम्पोतून भाजी आणी आणि आली की आधी बाईंच्या तोंडाकडे बघे. दिवाळीच्या आसपास उत्तर आलं. ते चार ओळींचं होतं आणि पोर्तुगीजमध्ये होतं. बाईंनी ते तीनदा वाचल्याशिवाय चंपतला काही सांगितलं नाही. अर्ज मुदतीत मिळाला; कागद पाहिले; कारखान्याचे यंत्रप्रमुख फोनवर मुलाखत घेतील.

मुलाखत बाईंच्याच घरी झाली, कारण तामसीला मोबाइलचा आवाज तुटत असे. पलीकडचा माणूस जाड आवाजाचा, सावकाश इंग्रजी बोलणारा. बाई समोर बसल्या होत्या, पण त्यांना काही करावं लागलं नाही. सुरी रोलरवर जास्त दाबली तर काय होतं, असं त्यानं विचारलं, आणि चंपतचं मोडकंतोडकं इंग्रजी एकदम सुरळीत झालं. रोलर तापतो, रुई जळल्याचा वास येतो, तो सांगत गेला. हाताची दोन बोटं तो हवेत एकमेकांवर धरून दाखवत होता, पलीकडून काही दिसत नसताना. शेवटी त्यानं, बाईंनी शिकवलेलं, एकच पोर्तुगीज वाक्य म्हटलं, की आभारी आहे. पलीकडे हसू ऐकू आलं.

निवड झाली, पण मागितली होती त्या जागेवर नव्हे. पाळीप्रमुख म्हणून पहिली काम्पान्या त्यांनी स्थानिक माणसाला दिली. चंपतला त्याचा जोडीदार म्हणून बोलावलं, आणि पुढच्या हंगामापासून पाळी देण्याचा विचार करू असं लिहिलं. बाईंनी ‘विचार करू’ हेच शब्द चंपतला सांगितले, ‘देऊ’ म्हटलं नाही. तो थोडा हिरमुसला. व्यंकटराव म्हणाले, की करारपत्र आल्यावर ते शब्दन् शब्द वाचून मगच सही कर. जयवंता म्हणाली, “जोडीदार तं जोडीदार. काऊन तोंड पाडता? यंत्र तं तेच हाय.”

करार आला. तो बाईंनी दोन दिवस घेऊन वाचला. परतीच्या तिकिटाचं कलम त्यांना धूसर वाटलं, तेव्हा त्यांनी नांपुलाला स्वतः पत्र लिहून ते स्पष्ट करून घेतलं, आणि मगच चंपतनं सही केली.

अमृतरावांना दिलेला शब्द पाळून चंपतनं आदिलाबादचा हंगाम पुरा केला. त्या महिन्यांत दर रविवारी तो आणि जयवंता दोघंही व्हरांड्यात येऊन बसत. भाषा येत असल्यास लाभ मानला जाईल, हे वाक्य चंपतनं मनावर घेतलं होतं. बाई त्याला आकडे शिकवत, अवजारांची नावं शिकवत, पाणी कुठे, दवाखाना कुठे, माझं डोकं दुखतं, हे कसं म्हणायचं ते शिकवत. जयवंता नुसती ऐकायला बसायची, पण उच्चार तिचे नवऱ्यापेक्षा साफ होते. बाईंनी तिलाही बरोबर म्हणायला लावलं.

चंपत एप्रिलच्या शेवटी गेला. पहिल्या आठवड्यात त्याचा फोन जयवंताकडे आला आणि दुसरा बाईंकडे. त्यानं सांगितलं, की यंत्रं आपलीच आहेत, रोलरही तसेच, फक्त कापूस आखूड धाग्याचा. पाळीप्रमुख चांगला माणूस आहे. मग तो म्हणाला, की बाई, सुरीला इथं ‘फाका’ म्हणतात, ते तुम्ही सांगितलं नव्हतं. बाई म्हणाल्या, की फाका म्हणजे स्वयंपाकघरातली सुरी, ती शिकवायची राहून गेली, कारण तुझी सुरी यंत्रातली होती. मला आता तूच लिहून पाठव, तिकडे कशाला काय म्हणतात ते.

फोन ठेवून त्या व्हरांड्यात आल्या. फाटकाशी जयवंता आली होती, आणि तिच्या मागे तामसीच्याच कुणा वामनरावांचा वेल्डर जावई, हातात मोबाइल धरून. त्याच्या पडद्यावर कुठल्याशा भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीचा तिरपा फोटो होता. भाषा बाईंना येणारी आहे की नाही हे एवढ्या लांबून कळत नव्हतं. त्यांनी चष्मा घेतला आणि त्याला वर यायला सांगितलं.